धावणाऱ्या मुलीचे जेवण

‘वजन उतरव, वेग वाढेल,’ असे मैदानावर मुलींना सर्रास सांगितले जाते. सुरुवातीला काही आठवडे वेग वाढतोही, म्हणून पालक आणि प्रशिक्षक दोघेही फसतात. मग पाय दुखू लागतात, सर्दी-ताप वरचेवर येतो आणि वेळ घसरते.

शरीराला आधी सराव भागवावा लागतो. उरेल त्यातून उंची, हाडे आणि पाळी. उरलेच नाही तर शरीर ही कामे थांबवते. मोठेपणी हाडांत जेवढे खनिज असते, त्याचा जवळजवळ चौथा हिस्सा उंची झपाट्याने वाढते त्या दोनेक वर्षांतच भरला जातो. ती वर्षे अर्धपोटी गेली तर नंतर भरपाई होणे कठीण.

समजा, वसतिगृहातली चौदा वर्षांची मुलगी आहे, वजन ४२ किलो. पहाटे ती आठ किलोमीटर धावते. धावताना दर किलोला दर किलोमीटरमागे साधारण एक कॅलरी लागते, म्हणजे तिला सुमारे ३४० कॅलरी जास्तीच्या हव्यात. दोन मुठी शेंगदाणे आणि गुळाचा एक खडा एवढ्यात ते भागते. महागडी पावडर आणायचे कारण नाही. पण हे नेहमीच्या जेवणाच्या वर हवे, त्याच्या जागी नव्हे.

खरी अडचण वेळेची असते. साडेपाचला उपाशीपोटी धावायचे, मग अंघोळ, प्रार्थना, शाळा आणि पहिले पोटभर जेवण दहाला! त्याऐवजी धावण्यापूर्वी अर्धा तास एक केळे किंवा गूळ लावलेली अर्धी पोळी द्यावी. भरपेट दिले तर पोटात कळ येते. परतल्यावर तासाभरात नाचणीची भाकरी, उसळ आणि जमल्यास उकडलेले अंडे द्यावे. भात-वरणही चालेल. शेंगदाणे-गूळ शाळेच्या मधल्या सुट्टीसाठी ठेवावे. जेवणाबरोबर चहा मात्र नको. तो अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. लिंबाची फोड उलट मदत करते.

वयात येताना मुलीचे वजन वाढतेच, तो आळस नव्हे. सगळ्यांसमोर वजनकाटा मांडणे बंद करावे. त्याऐवजी दर तीन महिन्यांनी उंची मोजून वहीत लिहावी. वाढ अचानक थबकली, सुरू असलेली पाळी तीन महिने आली नाही, किंवा पंधरा पूर्ण होऊनही सुरूच झाली नाही, तर ‘खेळाडूंचे असेच असते’ म्हणून सोडू नये. प्रशिक्षक पुरुष असेल तर ही विचारपूस गृहमाता किंवा आईने करावी. नडगीच्या हाडावर बोटाने दाबून एकाच जागी दुखत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो; धावणे त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांकडे न्यावे. एक्स-रे सुरुवातीला अनेकदा स्वच्छ येतो. तरी दुखणे थांबेपर्यंत तिला मैदानात उतरवू नये, आणि विश्रांतीच्या काळातही ताटातली भाकरी कमी करू नये. तडा भरायलाही तीच लागते.