'जिल्ह्यात असा अभ्यास झालेला नाही' एवढे पुरेसे नाही
ऑनलाइन शिक्षणातील प्रेरणेवरील शोधनिबंधाची प्रस्तावना कशी बांधावी?

'अहिल्यानगर जिल्ह्यातील विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांतील प्रेरणेवर आजवर संशोधन झालेले नाही, म्हणून हा अभ्यास हाती घेतला आहे.' शिक्षणशास्त्राच्या शोधनिबंधांत अशा अर्थाचे वाक्य नेहमी भेटते. ते खरे असले, तरी तेवढ्याने संशोधनातील उणीव सिद्ध होत नाही. जिल्ह्याचे नाव बदलून तेच वाक्य सोलापूर किंवा परभणीलाही लावता येते. परीक्षकाचा प्रश्न साधा असतो : येथील विद्यार्थ्यांबाबत वेगळे उत्तर मिळण्याचे कारण काय?

प्रस्तावनेच्या मांडणीबाबत भाषाशास्त्रज्ञ जॉन स्वेल्स यांनी १९९० मध्ये मांडलेला आराखडा जगभर शिकविला जातो. त्यात तीन पायऱ्या आहेत. प्रथम विषयाचे क्षेत्र आखायचे, मग त्यातील रिकामी जागा दाखवायची आणि शेवटी प्रस्तुत अभ्यास ती जागा कशी भरणार, हे सांगायचे. पहिल्या पायरीवर पानेच्या पाने खर्च होतात आणि दुसरी एका वाक्यात उरकली जाते, हा नेहमीचा दोष आहे.

समजा, अकोले तालुक्यातील एका महाविद्यालयाच्या प्राध्यापकांना 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या व्यासपीठावरील अभ्यासक्रम घेणाऱ्या विद्यार्थ्यांवर निबंध लिहायचा आहे. 'आजच्या माहिती तंत्रज्ञानाच्या युगात' अशी सुरुवात केल्यास वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी प्रश्नाच्या जवळून सुरुवात करता येते. मोठ्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांवरील केटी जॉर्डन यांच्या २०१४ मधील पाहणीत एका अभ्यासक्रमाला सरासरी सुमारे ४३ हजार जणांनी नाव नोंदविल्याचे आणि त्यांपैकी सरासरी ६.५ टक्के जणांनीच तो पूर्ण केल्याचे आढळले होते. या गळतीची कारणे शोधताना अनेक संशोधक डेसी आणि रायन यांच्या स्वयंनिर्णय सिद्धान्ताचा आधार घेतात. निवडीचे स्वातंत्र्य, आपल्याला जमते ही जाणीव आणि इतरांशी असलेले नाते या तीन गरजा भागल्या, तर आतून येणारी प्रेरणा टिकते, असे तो सिद्धान्त सांगतो. एवढ्यात क्षेत्र आखून होते.

आता रिकामी जागा. जॉर्डन यांच्या पाहणीतील अभ्यासक्रम कोणालाही खुले होते. नाव नोंदविणे ऐच्छिक होते आणि सोडून दिल्यास नुकसान नव्हते. 'स्वयम्'चे अभ्यासक्रम मात्र पदवीच्या श्रेयांकांत धरता येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये त्यासाठी २० टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती २०२१ मध्ये ४० टक्के केली. महाविद्यालयाने ठरवून दिलेला अभ्यासक्रम श्रेयांकासाठी पूर्ण करणारा विद्यार्थी प्रेरित आहे की नापास होण्याला घाबरलेला, हे पूर्णतेच्या आकड्यावरून कळत नाही. येथे उणीव गावाची नसून मोजमापाची आहे.

यानंतर जिल्हा नेमका उपयोगी पडतो. अकोल्याच्या डोंगरी भागात मोबाइलची रेंज हा रोजचा प्रश्न आहे, तर पाथर्डी, शेवगावकडील अनेक कुटुंबे हंगामात ऊसतोडीसाठी बाहेर जातात. तेथील विद्यार्थ्याने व्हिडिओ पाहिला नाही, तर त्याला इच्छा नव्हती की फोन हाती नव्हता, हे वेगळे करावेच लागते. म्हणजे स्थळाचे वर्णन सजावट न राहता युक्तिवादाचा भाग होते.

उणिवेचे विधान असे लिहिता येईल : 'ऑनलाइन अभ्यासक्रमांतील प्रेरणेचे अनेक अभ्यास स्वेच्छेने नाव नोंदविणाऱ्यांवर झाले असून त्यांत पूर्णता हे प्रेरणेचे लक्षण मानले आहे. श्रेयांकासाठी सक्तीचा अभ्यासक्रम घेणाऱ्या, सामायिक फोनवर अवलंबून असणाऱ्या विद्यार्थ्यांबाबत हे गृहीतक तपासणारे अभ्यास पुढील शोधात आढळले नाहीत.' 'पुढील शोधात' हे शब्द महत्त्वाचे आहेत. शोधगंगा, एरिक आणि गुगल स्कॉलरवर कोणत्या शब्दांनी, कोणत्या वर्षांपर्यंत शोध घेतला, ते लगेच नमूद करावे. 'कोणीही अभ्यास केलेला नाही' हे विधान एक जुना प्रबंध सापडताच कोसळते. तसा प्रबंध सापडलाच, तर तो लपवू नये. त्याने काय तपासले नाही, ते दाखवावे.

तिसऱ्या पायरीवर विधान आणि पद्धत यांचा मेळ पाहावा लागतो. प्रेरणा कालांतराने का घटते, ही उणीव दाखवून एकदाच प्रश्नावली भरून घेतली, तर निबंध आपलेच आश्वासन मोडतो. त्यासाठी सत्राच्या आरंभी, मध्यावर आणि अखेरीस असे तीन वेळा मोजमाप हवे. तेवढा अवधी नसेल, तर प्रश्नच लहान करावा : सक्तीचा आणि स्वतः निवडलेला अभ्यासक्रम घेणाऱ्यांच्या प्रेरणेत फरक दिसतो का? फरक दिसला, तरी तो सक्तीमुळेच पडला, असे मात्र एका पाहणीवरून म्हणता येत नाही.

शेवटी एक सोपी कसोटी आहे. उणिवेच्या विधानातून जिल्ह्याचे नाव खोडावे. उरलेल्या वाक्यात प्रश्न शिल्लक राहिला, तर उणीव खरी. काहीच उरले नाही, तर प्रस्तावना पुन्हा लिहिण्याची गरज आहे.