एकोणीस मृत्यू आणि सव्वाशे अक्षरे

दोन-अडीच हजार शब्दांचा अभ्यासपूर्ण लेख सिद्ध झाला, म्हणजे त्याच्या लेखकाचे कार्य संपते. परंतु तो लेख समाजमाध्यमांवर वाचकांसमोर ठेवताना त्याच्या लिंकसोबत जो चार ओळींचा मजकूर द्यावा लागतो, आणि ज्याला आता सर्वत्र कॅप्शन म्हणतात, त्याचे काम तेथून सुरू होते. हे काम मी नित्य करतो. त्यातील एका लेखाची हकीकत येथे तपशिलाने सांगतो, कारण या कामातील बहुतेक अडचणी त्या एकाच लेखात एकत्र आल्या होत्या.

लेखाचा विषय होता वाल्देमार हाफकीन. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ उद्भवल्यावर ग्रँट मेडिकल कॉलेजात या शास्त्रज्ञाने प्लेगप्रतिबंधक लस तयार केली, १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि नंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर तिची परीक्षा घेतली. पुढे १९०२च्या ऑक्टोबरात पंजाबातील मुल्कोवाल या गावी लस टोचलेल्या १०७ जणांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. मरण पावलेल्या त्या सर्वांना एकाच बाटलीतील लस दिलेली होती. सरकारी चौकशीत ठपका हाफकीन यांच्या प्रयोगशाळेवर आला. बाटली उघडणाऱ्या साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही गोष्ट मूळच्या कागदपत्रांतच नमूद होती. परंतु तिचा योग्य अर्थ मान्य होऊन हाफकीन निर्दोष ठरण्यास १९०७ साल उजाडावे लागले. परळच्या त्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव १९२५ साली मिळाले.

असा लेख हाती आला, की मी प्रथम तो सलग वाचतो आणि एका कोऱ्या कागदावर एकच गोष्ट लिहितो : हा लेख कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो? विषय आणि प्रश्न यांत मोठे अंतर आहे. ‘हाफकीन यांचे जीवन’ हा विषय झाला, आणि त्यावर कितीही सुंदर ओळी लिहिल्या तरी लिंक उघडण्याचे प्रयोजन वाचकाला सापडत नाही. ‘त्या बाटलीत धनुर्वाताचे जंतू केव्हा शिरले?’ हा मात्र प्रश्न आहे; शिवाय लेखातील निम्म्याहून अधिक मजकूर त्याच्याच उलगड्यासाठी खर्ची पडलेला आहे. जॉर्ज लोवेन्स्टाइन या अभ्यासकाने १९९४ साली कुतूहलाची जी मीमांसा मांडली, तिचे सार असे, की आपल्याला जे ठाऊक आहे आणि जे ठाऊक व्हावेसे वाटते, यांतील फट लक्षात आली म्हणजे कुतूहल जागे होते. यातून कॅप्शन लिहिणाऱ्याने घ्यायचा धडा उघड आहे : ज्याला काहीच सांगितलेले नाही, त्याला ती फट दिसणार नाही, आणि ज्याला सर्वच सांगितले, त्याच्यापुरती ती उरणार नाही.

यानंतर लेखातील तथ्ये मी दोन रकान्यांत मांडतो. एकात सांगावयाची, दुसऱ्यात राखावयाची. गाव, साल, १०७ आणि १९ हे आकडे, एकच बाटली, हाफकीन यांच्यावरील ठपका, ही सर्व पहिल्या रकान्यात गेली, कारण प्रश्न उभा राहतो तो यांच्याच बळावर. दुसऱ्या रकान्यात एकच शब्द राहिला, तो म्हणजे चिमटा. संपूर्ण लेखातील हा सर्वांत चित्रदर्शी तपशील असल्यामुळे त्याला अग्रस्थान देण्याचा मोह अनिवार होतो. परंतु जमिनीवर पडलेला चिमटा कॅप्शनमध्ये आला, की वाचक निकाल आपणच लावून मोकळा होतो व पुढे निघून जातो.

मग जागेचा हिशेब येतो. इन्स्टाग्रामवर कॅप्शनला २,२०० अक्षरांची मुभा असली, तरी साधारण पहिल्या सव्वाशे अक्षरांनंतरचा मजकूर more या शब्दामागे झाकला जातो; शिवाय तेथे कॅप्शनमध्ये दिलेली लिंक दाबून उघडत नाही, ती परिचयाच्या जागी ठेवून तसे सांगावे लागते. देवनागरीत लिहिणाऱ्याने हेही ध्यानात ठेवावे, की संगणकी मोजणीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सर्व स्वतंत्र धरली जाऊ शकतात. ‘मराठी’ या आपल्या तीन अक्षरांची तेथे पाच होतात. म्हणून पहिले वाक्य मी या मोजणीनेच बेततो आणि प्रश्नाचा पाया त्या हद्दीत पूर्ण होतो की नाही, हे पाहतो.

या लेखासाठी पहिला मसुदा असा झाला : ‘प्लेगची लस शोधणाऱ्या हाफकीन यांच्यावर १९ मृत्यूंचा ठपका आला, पण १९०७मध्ये ते निर्दोष ठरले.’ यात असत्य काही नाही. मात्र हा लेखाचा गोषवारा आहे, आणि गोषवारा वाचून तृप्त झालेला वाचक पसंतीची खूण करतो, लिंक उघडत नाही. दुसरा मसुदा उलट टोकाचा : ‘एका बाटलीने एका शास्त्रज्ञाचे आयुष्य कसे उद्ध्वस्त केले? वाचून थक्क व्हाल!’ येथे बाटली कसली, शास्त्रज्ञ कोण, याचा पत्ताच नाही. आवश्यक माहिती दडवणारे आणि अतिशयोक्ती करणारे असे मथळे मागे टाकण्याचे धोरण फेसबुकने २०१६-१७ पासून जाहीरपणे स्वीकारलेले आहे. पण ते नसते तरी हा मसुदा मी बाद केला असता.

अखेर कायम झालेला मजकूर असा :

‘१९०२, पंजाबातले मुल्कोवाल. १०७ जणांना प्लेगची लस टोचली. १९ जण धनुर्वाताने दगावले. एकोणिसांची बाटली एकच होती. ठपका लस बनवणाऱ्या हाफकीन यांच्यावर आला. दोष बाटलीत आधीपासून होता, की ती उघडताना शिरला? १९०७पर्यंत चाललेल्या वादाची हकीकत लेखात.’

पहिली तीन वाक्ये सव्वाशेच्या आत बसतात, प्रश्न त्यांच्या आधाराने उभा राहतो, आणि शेवटचे वाक्य लिंकपलीकडे काय मिळेल ते नेमके सांगते. साधले की नाही, हे दोन आकडे शेजारी ठेवून कळते : किती जणांनी लिंक उघडली आणि ते लेखावर किती वेळ थांबले. पसंती पुष्कळ पण लिंक उघडणारे थोडे, तर कॅप्शनने उत्तर देऊन टाकले असे समजावे; उघडणारे पुष्कळ पण काही क्षणांत परतणारे, तर कॅप्शनने दिलेला शब्द लेखाने पाळला नाही.

तथापि एक कसोटी अशी आहे, की ती कोणत्याही आकड्यात उमटत नाही. कॅप्शन ज्यांच्या दृष्टीस पडते, त्यांतील बहुसंख्य लोक लिंक कधीच उघडत नाहीत; त्यांच्यापुरता लेख म्हणजे त्या चार ओळीच होत. ‘हाफकीन यांच्या लसीने १९ जणांचा बळी घेतला, कसा ते वाचा’ असे लिहिले असते, तर कदाचित लिंक अधिक जणांनी उघडली असती. पण न उघडणारा प्रत्येक जण एका निरपराध माणसाविषयी १९०७ सालीच खोटा ठरलेला समज घेऊन गेला असता. म्हणून ‘ठपका आला’ एवढेच लिहिले आणि प्रश्नात दोन्ही शक्यता समान ठेवल्या. उत्तर राखून ठेवण्याचा अधिकार कॅप्शन लिहिणाऱ्याला आहे. राखलेल्या उत्तराच्या जागी चुकीचे उत्तर सोडून जाण्याचा नाही.