थंडीत गोठणारे तेल

डिसेंबर उजाडला की खोबरेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते. त्याच फडताळातले शेंगदाण्याचे तेल मात्र पातळच असते. खोबरेल खावे की नाही, या वादाचे मूळ या साध्या फरकातच आहे.

तेलातल्या मेदाम्लांच्या साखळ्या सरळ असल्या की त्या दाटीवाटीने बसतात आणि तेल गोठते. या सरळ साखळ्यांच्या मेदाला संपृक्त मेद, म्हणजे सॅच्युरेटेड फॅट म्हणतात. खोबरेलात तो ८२ ते ९० टक्के असतो, तुपात साठच्या आसपास आणि शेंगदाण्याच्या तेलात वीसपेक्षा कमी. इतका संपृक्त मेद असूनही खोबरेल २४ अंशांनाच वितळते, कारण त्यातल्या बऱ्याच साखळ्या आखूड असतात. ‘खोबरेल वजन उतरवते’ हा प्रचार याच आखूडपणावर उभा आहे.

त्यात तथ्याचा अंश आहे. आठ आणि दहा कार्बनच्या साखळ्या आतड्यातून थेट यकृतात जातात आणि चटकन जळतात. वजनावरचे जे प्रयोग सांगितले जातात, ते प्रामुख्याने अशाच साखळ्या वेगळ्या काढून बनवलेल्या ‘एमसीटी’ तेलावर झालेले आहेत. घाण्याच्या खोबरेलात या दोन्ही साखळ्या मिळून १५ टक्क्यांच्या आसपासच भरतात. जवळजवळ निम्मे खोबरेल असते बारा कार्बनचे लॉरिक आम्ल. रसायनशास्त्र त्याला मध्यम साखळीत बसवते, पण आतडे त्यातल्या बहुतेक भागाला लांब साखळीसारखेच वागवते. ते लसिकावाहिन्यांतून रक्तात उतरते. एका तेलाचा निष्कर्ष दुसऱ्याच्या बाटलीवर चिकटवणे मला सरळ दिशाभूल वाटते.

रक्तात पुढे काय होते? यकृताच्या पेशींवर एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, आत ओढून घेणारे ग्राहक असतात. आहारात संपृक्त मेद वाढला की त्यांचे काम मंदावते. उचलले न गेलेले एलडीएल रक्तात फिरत राहते आणि वर्षानुवर्षे धमन्यांच्या भिंतीत साचते. २०२० साली ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात १६ प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण आले. सोयाबीन, सूर्यफूल, ऑलिव्ह यांसारख्या तेलांऐवजी खोबरेल खाल्ल्यावर एलडीएल दर डेसिलिटरमागे सरासरी १० मिलिग्रॅमने वाढले. ‘चांगले’ एचडीएलही ४ मिलिग्रॅमने वाढले.

खोबरेलाचे समर्थक या चारावरच बोट ठेवतात. पण औषधांनी एचडीएल चढवण्याचे मोठे प्रयोग झाले, तेव्हा हृदयविकाराचे झटके त्या प्रमाणात कमी झाले नाहीत. एलडीएल उतरवल्यावर मात्र ते पुन्हा पुन्हा कमी झालेले आहेत. म्हणून एचडीएलची वाढ एलडीएलची वाढ फेडून टाकते, असे मानायला आधार नाही.

उलट निकालही आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१८ साली नव्वदेक माणसांना चार आठवडे रोज ५० ग्रॅम खोबरेल, लोणी किंवा ऑलिव्ह तेल दिले. लोण्याने एलडीएल वाढले, खोबरेलाने ऑलिव्हपेक्षा फारसे वाढले नाही. हा प्रयोग नोंदवायलाच हवा, पण तो एक आहे आणि चार आठवड्यांचा आहे. पॅसिफिकमधल्या टोकेलाऊ बेटांचा दाखलाही नेहमी देतात. तिथे निम्म्याहून अधिक ऊर्जा नारळातून मिळे आणि हृदयविकार कमी होता. पण ती माणसे नारळाबरोबर मासे खात आणि साखर फार कमी खात. शिवाय त्यांचे कोलेस्टेरॉल, नारळ कमी खाणाऱ्या पुकापुकाच्या बेटवासीयांपेक्षा जास्तच होते.

आता आपल्या ताटाकडे येऊ. समजा, कोणी सकाळी अनशापोटी कॉफीत दोन मोठे चमचे खोबरेल घालून पिऊ लागले. एका चमच्यात सुमारे १२ ग्रॅम संपृक्त मेद, दोनांत २४. रोज २००० कॅलरी लागणाऱ्या माणसाला जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात साधारण २२ ग्रॅमपर्यंतच परवानगी देते. नाश्त्यापूर्वीच दिवसाचा वाटा संपला आणि २४० कॅलरी वाढल्या त्या वेगळ्या. मालवणी माशाच्या आमटीतला नारळाचा रस किंवा जेवणानंतरची वाटीभर सोलकढी ही गोष्ट निराळी. तिथे नारळ जेवणाचा भाग असतो, औषधाचा डोस नसतो. तरी ज्याचे एलडीएल आधीच चढलेले आहे, त्याने तिथेही हात आखडता घ्यावा.

शंका असेल तर सोपा मार्ग आहे. खोबरेल सुरू करण्यापूर्वी लिपिड प्रोफाइल करा आणि सहा ते आठ आठवड्यांनी त्याच प्रयोगशाळेत पुन्हा करा. मधल्या काळात बाकीचा आहार आणि औषधे बदलू नका. कागद हातात आल्यावर एकूण कोलेस्टेरॉल किंवा गुणोत्तर पाहून थांबू नका, एलडीएलची ओळ वाचा. ती चढली असेल तर कॉफीतले खोबरेल बंद करा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा.