कांद्याला आच, बिटाला गारवा, हळदीला सावली

ग्रीसमध्ये ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी घराघरांत कांद्याच्या सालींचा वास येतो. त्या दिवशी अंडी लाल रंगवायची असतात. ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासात ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक अंडी खात नाहीत, पण कोंबड्या अंडी द्यायचं थोडंच थांबवतात? साठलेली अंडी उकडून, रंगवून ईस्टरच्या टेबलावर मांडली जातात. मग दोघं समोरासमोर बसून एकमेकांच्या अंड्यावर अंडं आपटतात आणि ज्याचं फुटत नाही तो जिंकतो. आता बाजारात तयार रंगाच्या पुड्या मिळतात, तरी अनेक घरांतल्या आज्या अजूनही आठवडेच्या आठवडे कांद्याच्या साली जमवून ठेवतात.

मी पहिल्यांदा हा प्रयोग केला, तेव्हा कांदा, बीट आणि हळद या तिन्हींना एकच रीत लावली. तीन पातेल्यांत पाणी, रंगद्रव्य आणि अंडी घालून सगळं एकत्र उकळलं. कांद्याची अंडी सुरेख झाली. हळदीच्या अंड्यांवर ठिपके उठले आणि बिटाची अंडी मळकट, राखाडी-तपकिरी निघाली. तेव्हा कळलं, की कवच एकच असलं तरी तिन्ही रंगांचा स्वभाव वेगळा आहे.

आधी कवचाचं बघू. अंड्याचं कवच जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेटचं, म्हणजे खडूच्याच जातीचं असतं. त्यावर प्रथिनाचा अगदी पातळ थर असतो आणि रंग मुख्यतः त्यालाच धरतो. व्हिनेगरसारखं आम्ल थोडं घातलं, की या प्रथिनाला रंग जास्त पक्का चिकटतो. जास्त घातलं तर बारीक बुडबुडे येऊ लागतात. याचा अर्थ कवचच विरघळू लागलं आहे. असं अंडं खरखरीत होतं आणि त्यावर डाग पडल्यासारखा रंग बसतो. म्हणून एक लिटर पाण्याला दोन मोठे चमचे व्हिनेगर पुरे. साबणाने अंडी घासू नयेत, कारण तो थर निघून जातो. मात्र हात स्वच्छ आणि कोरडे हवेत. तेलकट बोट लागलं, की तिथे रंग धरत नाही.

आता कांदा. पिवळ्या-तपकिरी कांद्याच्या साली सगळ्यांत उत्तम. त्यात क्वेर्सेटिन नावाचं पिवळं रंगद्रव्य आणि त्यापासून तयार झालेली लालसर द्रव्यं असतात. आपल्याकडच्या लाल कांद्याच्या सालींत याशिवाय अँथोसायनिनही असतं. त्याचा रंग आम्लाप्रमाणे पालटतो, म्हणून छटा कधी लालसर तर कधी मळकट येते आणि तिचा भरवसा धरता येत नाही. पांढऱ्या कांद्याच्या सालींत मात्र रंग जवळजवळ नसतोच. अलिबागचा कांदा कितीही गोड असला, तरी या कामाला उपयोगाचा नाही.

बारा अंड्यांसाठी पंधरा कांद्यांच्या कोरड्या साली आणि साधारण लिटरभर पाणी घ्यावं. साली मंद आचेवर अर्धा तास उकळल्या, की पाणी चहाच्या अर्कासारखं गडद होतं. ते गाळून, व्हिनेगर घालून पूर्ण गार होऊ द्यावं. मग तासभर आधी फ्रिजबाहेर काढून ठेवलेली कच्ची अंडी त्यात एका थरात ठेवून मंद आचेवर पाणी तापवावं. थंड अंडी एकदम गरम पाण्यात टाकली तर तडकतात. उकळी आली की दहा-बारा मिनिटं ठेवून आच बंद करावी. अंडी एकमेकांना चिकटून राहिली तर तिथे फिकट चट्टे राहतात, म्हणून मधून-मधून चमच्याने हलवत राहावं. रंग पोचला की नाही हे पाण्याकडे बघून कळत नाही. चमच्यावर एक अंडं उचलून उजेडात बघावं. पांढऱ्या अंड्यावर विटकरी लाल आणि गावरान तपकिरी अंड्यावर गडद काथ्यासारखा रंग येतो.

या रंगात पानाचा ठसाही उठतो. बाल्कन आणि बाल्टिक देशांत ही रीत आहे. कोथिंबिरीचं एखादं कोवळं पान पाण्याने ओलं करून अंड्यावर चिकटवायचं, त्यावर नायलॉनच्या जुन्या मोज्याचा तुकडा ताणून बसवायचा आणि मागे दोऱ्याने घट्ट गाठ मारायची. मोजा सैल राहिला तर पानाखाली रंग शिरतो आणि कडा धूसर होते. अंडं गार झाल्यावर दोरा कापला आणि पान हलकेच उचललं, तेव्हा विटकरी कवचावर पांढरं पान उमटलेलं दिसलं. त्याच्या शिरासुद्धा दिसत होत्या.

बिटाचं तंत्र याच्या अगदी उलट आहे. त्यातलं बेटानिन हे रंगद्रव्य उष्णतेने मोडतं आणि तपकिरी पडतं. पातेल्यात पाणी गुलाबी दिसतं आणि अंडं मात्र मळकट निघतं, ते म्हणून. उपाय सोपा आहे. अंडी आधी उकडून गार करून घ्यावीत. दोन मोठी बिटं किसून लिटरभर पाण्यात फक्त पंधरा-वीस मिनिटं शिजवावीत, गाळून रस पूर्ण गार करावा, व्हिनेगर घालावं आणि अंडी त्यात बुडवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावीत. सकाळी फिकट गुलाबी छटा मिळते. गडद मिळत नाही. ओलं असताना पुसायला गेलं, तर फडक्याबरोबर रंगही निघून येतो. म्हणून जाळीवर वाळू द्यावीत, हात लावू नये.

हळदीचा स्वभाव आपल्याला घरचाच आहे. तिच्यातलं कुर्कुमिन पाण्यात नीट विरघळत नाही, कण तसेच राहतात. ते अंड्यावर बसले, की ठिपके पडतात. म्हणून तीन मोठे चमचे हळद लिटरभर पाण्यात वीस मिनिटं उकळून सुती कपड्यातून गाळावी. हळदीला चुना लावला की कुंकू होतं, तसंच अल्कलीत हा रंग लालसर होतो. व्हिनेगर घातलं की पिवळाच राहतो. उकडलेली अंडी गाळलेल्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवली, तरी पिवळा धमक रंग येतो. पण हळदीचा डाग पडलेला कपडा आई उन्हात का टाकते? उन्हात हा रंग उडतो. म्हणून ही अंडी खिडकीत मांडू नयेत.

वाळल्यावर तिन्ही रंगांवर बोटभर खोबरेल तेलाचा हात फिरवला, की रंग खुलतो. ही अंडी वसंताच्या टेबलावर सुती कापडावर, पितळी ताटात, एका ओळीत मांडली तरी पुरे. मुंबईतल्या पारशी-इराणी घरांत २१ मार्चच्या जमशेदी नवरोजच्या टेबलावरही रंगीत अंडी असतात. तिथेही हीच अंडी शोभतील.

खाण्याची अंडी आणि मांडणीची अंडी मात्र वेगळी ठेवावीत. उकडलेलं अंडं दोन तासांहून जास्त बाहेर राहिलं तर खाऊ नये. आपल्या कडक उन्हाळ्यात तर तासभरच बाहेर ठेवावं. खायची असतील ती फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याच्या आत संपवावीत. फुटलेलं अंडं रंगात गेलं असेल, तर रंग पापुद्र्यातून आत शिरून पांढरा बलक रंगीत होतो. खाण्यातलेच जिन्नस वापरल्याने त्याने अपाय होत नाही, पण मांडणीसाठी ते अंडं बाजूला काढावं.

पुढच्या वेळी तीन पातेली ठेवली, तेव्हा मी कांद्याला आच दिली, बिटाला रात्र दिली आणि हळदीचं ताट सावलीत सरकवलं. सकाळी ताटात विटकरी, गुलाबी आणि पिवळी अशी तिन्ही अंडी होती आणि एकही मळकट नव्हतं.