सोयाबीनच्या बेवडाचा हिशोब

सेनगाव-कळमनुरीकडे सोयाबीन निघाले की त्याच रानात हरभरा पडतो. कृषीच्या वर्गात फेरपालटीवर बोलायचे असेल, तर उदाहरण दूर शोधायला नको. प्रश्न तेवढे नेमके हवेत.

गैरसमज: सोयाबीनच्या मुळांना गाठी असतात, म्हणजे रानात भरपूर नत्र शिल्लक राहते.

वस्तुस्थिती: एकरी 8 क्विंटल उतारा धरा. दाण्यात सुमारे 40 टक्के प्रथिने, म्हणजे 320 किलो. प्रथिनांचा साधारण सहावा हिस्सा नत्र असते, म्हणजे 50 किलोंच्या आसपास. युरियाच्या 45 किलोंच्या जवळजवळ अडीच गोण्या मोंढ्यावर गेल्या! यातले निम्मे किंवा थोडे जास्त नत्र हवेतले, बाकी जमिनीतले. झडलेला पाला आणि मुळे, एवढीच काय ती शिल्लक. मळणीचे कुटार पेटवले की त्यातले नत्रही धुरात गेले. शिवाय गाठ आहे म्हणजे ती काम करते असेही नाही. फुलोऱ्यात झाड उपटू नका, खुरप्याने खोदून काढा, नाहीतर गाठी मातीतच राहतात. गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल दिसली तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असली तर नाही.

गैरसमज: सोयाबीनवर हरभरा, ही झाली फेरपालट.

वस्तुस्थिती: पीक बदलले, कूळ तेच राहिले. मानकुजीची बुरशी दोन्ही पिकांवर जगते आणि न कुजलेल्या काडीकचऱ्यावर पोसते. मर रोगाची बुरशी हरभऱ्याची, पण ती पीक नसतानाही जमिनीत सहा वर्षांपर्यंत तग धरते. वाळलेले झाड उभे चिरून पाहा. आत तपकिरी-काळी रेघ असेल तर मर. जमिनीलगत पांढरे तंतू आणि मोहरीएवढे दाणे दिसले तर मानकुज. वसमतच्या हळदीलाही हेच लागू आहे. हळदीवर हळद घेतली की कंदकुजीचा धोका वाढतो.

गैरसमज: हरभरा सोडला की पैसा बुडाला.

वस्तुस्थिती: सगळा हरभरा सोडायला सांगतो कोण? तीन एकर रान असेल तर दरवर्षी एका एकरात रब्बी ज्वारी किंवा करडई घ्या, पुढच्या वर्षी एकर बदला. त्या एकराचे रोख उत्पन्न कमी होऊ शकते. ज्वारीचा कडबा मात्र हिशोबात धरा, तो बहुधा विसरला जातो. खरी अडचण वेळेची. रब्बी ज्वारी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरली पाहिजे, आणि उशिरा येणारे सोयाबीन तोवर रानातच उभे असते. म्हणून त्या एकरात लवकर येणारा वाण लावावा लागतो. एवढे करूनही एका वर्षाच्या खंडाने मर जात नाही, फक्त तिचा जोर कमी होतो. मरीला दाद न देणारा वाण आणि पेरणीआधी ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया लागतेच.

सादरीकरणाला जाताना तक्ते कमी न्या. मुळासकट एक झाड न्या आणि गाठ वर्गासमोर फोडा.