तिसऱ्या गोळीनंतरचा प्रश्न

अमेरिकेतल्या अ‍ॅन आर्बर इथल्या मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात १९५४ साली चौतीस वर्षांची एक स्त्री दाखल झाली. सात वर्षं तिला स्नायूंच्या दुबळेपणाचे झटके येत होते. कधी हातापायांत गोळे यायचे, कधी पाय इतके लुळे पडायचे की उठून उभं राहता येत नसे. रक्तातलं पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत उतरलेलं होतं आणि रक्तदाब वाढलेला होता.

तिच्यावर उपचार करणारे डॉ. जेरोम कॉन महायुद्धाच्या काळात एका वेगळ्याच प्रश्नावर काम करत होते. दमट उष्ण प्रदेशात लढणाऱ्या सैनिकांचं शरीर घामातून जाणारं मीठ कसं वाचवतं, हे त्यांना शोधायचं होतं. त्यामुळे त्यांनी या स्त्रीचा घाम तपासला. त्यात सोडियम जवळजवळ नव्हतंच. जणू तिचं शरीर रणरणत्या उन्हात असल्यासारखं मिठाचा कण न् कण धरून बसलं होतं! मीठ धरून ठेवणारं अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक तेव्हा नुकतंच, वर्षभरापूर्वी, वेगळं काढता आलं होतं. कॉन यांनी अंदाज बांधला की ते मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीतून भरमसाट पाझरत असावं. दोन्ही ग्रंथी काढाव्या लागतील, या तयारीने डिसेंबरात शस्त्रक्रिया झाली, आणि उजव्या ग्रंथीत सुमारे चार सेंटिमीटरची गाठ सापडली. तेवढीच काढली. रक्तातले बिघाड सुधारले, रक्तदाबही उतरला.

या आजाराला आज ‘कॉन सिंड्रोम’ किंवा ‘प्रायमरी अल्डोस्टेरोनिझम’ म्हणतात. त्याची यंत्रणा अशी. एरवी शरीरात मीठ-पाणी कमी पडलं की मूत्रपिंड रेनिन सोडतं, रेनिनमुळे अल्डोस्टेरॉन वाढतं आणि मीठ वाचतं. मीठ पुरेसं झालं की रेनिन थांबतं आणि अल्डोस्टेरॉनही उतरतं. या आजारात ग्रंथी हा हुकूम मानत नाही. रेनिन जवळपास शून्यावर येतं, तरी अल्डोस्टेरॉन पाझरतच राहतं. मीठ साठतं, दाब वाढतो, लघवीवाटे पोटॅशियम निघून जातं. शिवाय हे संप्रेरक हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना थेट इजा करतं, म्हणून तितक्याच रक्तदाबाच्या इतर रुग्णांपेक्षा या रुग्णांत पक्षाघात आणि हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका अधिक असतो.

कॉन यांच्या रुग्णाचं पोटॅशियम इतकं घसरलेलं होतं की पुढे अनेक दशकं डॉक्टर तेच लक्षण शोधत राहिले. पोटॅशियम ठीक, म्हणजे हा आजार नाही, असा समज रुळला. तो चुकीचा आहे. यातल्या बहुसंख्य रुग्णांचं पोटॅशियम नॉर्मल असतं. आणि आजार दुर्मीळही नाही: उच्च रक्तदाबाच्या रुग्णांपैकी साधारण पाच ते दहा टक्क्यांत, तर गोळ्यांना न जुमानणाऱ्या रक्तदाबात त्याहून बऱ्याच जास्त जणांत तो सापडतो. तरीही बहुतेकांची तपासणी कधी होतच नाही, हे खरोखर खेदाचं आहे.

समजा, बेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ आहेत. टेल्मिसार्टन, अ‍ॅम्लोडिपिन आणि लघवी वाढवणारी क्लोरथॅलिडोन अशा तीन गोळ्या पुऱ्या मात्रेत, न चुकता घेतात, तरी घरच्या मशीनवर १४८/९६ येतं. पोटॅशियम ३.९ आहे. इथे चौथी गोळी लिहिण्याआधी ‘का?’ असा प्रश्न विचारायला हवा. तिशी-चाळिशीच्या आत सुरू झालेला रक्तदाब, कमी पोटॅशियम, दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सीटीत अधिवृक्क ग्रंथीवर दिसलेली गाठ, घरात कुणाला तरुणपणी झालेला पक्षाघात, यांपैकी काहीही असेल तरी तपासणी व्हावी, असं डॉक्टर पूर्वीपासून सांगतात. २०२५ च्या एंडोक्राइन सोसायटीच्या मार्गदर्शक सूचना आणखी पुढे जातात: उच्च रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णाची एकदा तरी ही चाचणी करावी.

चाचणी साध्या रक्ताची आहे. अल्डोस्टेरॉन आणि रेनिन एकाच वेळी मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात. या गृहस्थांचं अल्डोस्टेरॉन २२ आणि रेनिनची क्रियाशीलता ०.४ आली, तर गुणोत्तर ५५. या एककांत २० ते ३० च्या वरचा आकडा संशयास्पद धरतात. मात्र काही प्रयोगशाळा रेनिन वेगळ्या पद्धतीने मोजतात. तिथे हे आकडे लावून चालत नाही.

रक्त देण्याची रीतही महत्त्वाची आहे. सकाळी उठून दोन तास हिंडल्या-फिरल्यावर, मग पाच-दहा मिनिटं खुर्चीत बसून रक्त द्यायचं. चाचणीआधी मीठ तोडायचं नाही, आणि पोटॅशियम कमी असेल तर ते आधी भरून काढायचं, कारण कमी पोटॅशियममुळे अल्डोस्टेरॉन खोटंच उतरतं. एक चूक तर अगदी नकळत होते. घरी येऊन नमुना नेणारा मुलगा तो बर्फाच्या डब्यात ठेवतो. गार झालेल्या रक्तात निष्क्रिय रेनिन सक्रिय होऊ शकतं, रेनिन जास्त दिसतं आणि आजार निसटतो.

गोळ्यांचाही परिणाम होतो. बीटा ब्लॉकरमुळे रेनिन उतरतं आणि आजार नसतानाही तो असल्यासारखा वाटतो. टेल्मिसार्टनमुळे उलट रेनिन वाढतं. ती सुरू असूनही रेनिन तळाला असेल, तर संशय पक्का होतो. स्पायरोनोलॅक्टोन मात्र चार आठवडे थांबवावी लागू शकते, तीही डॉक्टरांच्याच देखरेखीखाली. आणि ज्येष्ठमधाबद्दल विचारायला विसरू नये. खोकल्यासाठी त्याच्या कांड्या रोज चघळणाऱ्याचा रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं, पण त्यात रेनिनबरोबर अल्डोस्टेरॉनही कमी येतं.

अल्डोस्टेरॉन निर्दोष निघालं तर नजर आणखी दोन ठिकाणी जाते. पहिलं ठिकाण झोप. रात्री जोरात घोरणं, मध्येच श्वास थांबल्याचं बायकोने पाहिलेलं असणं, सकाळी डोकं जड आणि दुपारी पेंग, असं असेल तर स्लीप स्टडी करावी. श्वासाचं मशीन लावल्याने दिवसाची पेंग जाते, पण रक्तदाब सरासरी दोन-तीन अंकांनीच उतरतो, तेव्हा गोळ्या सुटतील अशी आशा धरू नये. दुसरं ठिकाण मूत्रपिंडाची अरुंद झालेली धमनी. टेल्मिसार्टनच्या जातीची गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन तीस टक्क्यांहून जास्त चढलं, किंवा फुप्फुसात अचानक वारंवार पाणी भरलं, तर डॉपलर करून पाहतात. वयस्कर माणसात चरबीच्या थरामुळे धमनी अरुंद झाली असेल, तर बहुतेकांना स्टेंटचा औषधांहून अधिक फायदा होत नाही, हे २०१४ च्या ‘कोरल’ चाचणीत दिसलं. तरुण मुलीत मात्र कारण वेगळं असतं. आपल्याकडे अनेकदा ते धमन्यांना सूज आणणारा ताकायासू हा आजार निघतो. म्हणून विशीतल्या मुलीचा रक्तदाब दोन्ही हातांवर मोजायला हवा.

आपल्या गृहस्थांची पुढची वाट सीटीने सुरू होते, पण तिथेच संपत नाही. चाळिशीनंतर अधिवृक्क ग्रंथीवर निरुपद्रवी गाठी सहज सापडतात, आणि दिसणारी गाठच गुन्हेगार असेल असं नाही. म्हणून जांघेतून बारीक नळ्या घालून दोन्ही ग्रंथींच्या शिरांमधलं रक्त वेगवेगळं काढतात. उजवी शीर आखूड असते आणि थेट महाशिरेला मिळते, त्यामुळे ती गाठायला सरावलेला हात लागतो. नळी नेमकी पोचली की नाही, हे त्याच रक्तातल्या कॉर्टिसोलवरून कळतं. एकच बाजू दोषी ठरली तर दुर्बिणीतून ती ग्रंथी काढतात. दोन्ही बाजू दोषी असतील तर स्पायरोनोलॅक्टोन देतात. तिच्यामुळे पुरुषांच्या छातीत दुखरी सूज येऊ शकते. तसं झालं तर एप्लेरेनोन देता येतं.

शस्त्रक्रियेनंतर पोटॅशियम आणि संप्रेरकं जवळजवळ सगळ्यांची सुधारतात. गोळ्या पूर्ण सुटतात त्या साधारण तिघांपैकी एकाच्या. बाकीच्यांपैकी बऱ्याच जणांच्या निदान कमी होतात. ज्यांचा रक्तदाब पाच वर्षांच्या आतला असतो, त्यांच्या गोळ्या सुटण्याची शक्यता जास्त. वीस वर्षं दाब सोसलेल्या रक्तवाहिन्या तोवर आतून कडक झालेल्या असतात, आणि गाठ काढल्यावरही त्या कडकच राहतात.