बाजारात घेतलेली बैलजोडी खरोखर कोणाची?

समजा तुम्ही पेरणीच्या तोंडावर आठवडे बाजारातून ७०,००० रुपयांना एक बैलजोडी घेतली. चारचौघांसमोर सौदा झाला, पैसे रोख मोजले, बाजार समितीची पावती फाडली. पंधरा दिवसांनी शेजारच्या तालुक्यातील एक शेतकरी पोलिसांना घेऊन दारात उभा राहतो आणि म्हणतो, "ही जोडी माझी आहे." तुम्ही पूर्ण दाम दिलेला, चोरी केलेली नाही. मग जोडी कोणाकडे राहणार?

याचे उत्तर मालविक्री कायदा, १९३० मध्ये आहे. या कायद्यात 'माल' म्हणजे सर्व जंगम वस्तू. त्यात गुरेढोरे, धान्य आणि अवजारे येतात. मूळ नियम कलम २७ मध्ये आहे. जो स्वतः मालक नाही आणि ज्याला मालकाची संमतीही नाही, त्याने विकलेल्या मालावर विकणाऱ्याचा जेवढा हक्क असेल तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. विकणाऱ्याचा हक्क शून्य असेल तर तुमचाही शून्य.

जोडी चोरीची असेल तर

चोराला मालकी नसते. त्याने ती व्यापाऱ्याला विकली, व्यापाऱ्याने तुम्हाला विकली, तरी मधल्या कोणाकडेच मालकी आली नाही. त्यामुळे जोडी मूळ मालकाला परत जाते. पुष्कळांचा असा समज असतो की, भर बाजारात, उघडपणे, पावती घेऊन केलेली खरेदी पक्की होते. इंग्लंडमध्ये उघड्या बाजारातील खरेदीला तसे संरक्षण होते. तेही तेथे १९९४ च्या कायद्याने रद्द झाले. आपल्या कायद्यात ते मुळातच नाही. बाजाराची पावती सौदा झाल्याचा पुरावा आहे, विकणारा मालक असल्याचा नव्हे.

हाच नियम गुरे चारायला किंवा भाड्याने नेणाऱ्यालाही लागू आहे. जोडी त्याच्या ताब्यात मालकाच्या संमतीने होती हे खरे, परंतु ती संमती राखण्यासाठी किंवा कामासाठी होती, विकण्यासाठी नव्हती.

जोडी फसवून घेतलेली असेल तर

आता गोष्ट थोडी बदलू. मूळ मालकाने सोमवारी आपली जोडी स्वतःच एका व्यापाऱ्याला विकली. खात्यात पैसे नाहीत आणि भरायचेही नाहीत, हे ठाऊक असताना व्यापाऱ्याने धनादेश दिला. बुधवारी त्याने ती जोडी तुम्हाला विकली. शुक्रवारी धनादेश न वटता परत आला आणि मालकाने व्यापाऱ्याला सौदा मोडल्याचे कळविले.

येथे मालकाने जोडी विकण्याचे मान्य केले होते, फक्त ती मान्यता फसवणुकीने मिळविली होती. असा करार आपोआप रद्द होत नाही. फसलेल्याने तो मोडेपर्यंत टिकून असतो. म्हणून कलम २९ सांगते की, करार मोडण्यापूर्वी तुम्ही सद्भावाने आणि विकणाऱ्याच्या हक्कातील दोष ठाऊक नसताना माल घेतला असेल, तर तो तुमचा झाला. बुधवारी करार उभा होता, म्हणून जोडी तुमची. मालकाने आपले पैसे व्यापाऱ्याकडून वसूल करावयाचे. तुम्ही तीच जोडी शुक्रवारनंतर घेतली असती तर या कलमाचा आधार मिळाला नसता.

दोन्ही प्रकारांत तुमचा प्रामाणिकपणा सारखाच आहे. फरक पडतो तो जोडी मालकाच्या हातून कशी गेली यामुळे. मालकाने विकण्याच्या इराद्याने दिली असेल तर घेणाऱ्याला वाव आहे. त्याच्या नकळत गेली असेल तर नाही.

भाऊ किंवा दलाल विकतो तेव्हा

सामाईक जोडी इतर भावांच्या परवानगीने एकाच भावाच्या एकट्याच्या ताब्यात असेल आणि त्याने ती विकली, तर इतरांचा हिस्सा तुम्हाला ठाऊक नसल्यास कलम २८ प्रमाणे तुम्हाला पूर्ण मालकी मिळते. मात्र जोडी सर्वांच्या एकाच गोठ्यात असेल तर 'एकट्याचा ताबा' सिद्ध होणे कठीण.

तसेच मालकाने जनावर विक्रीसाठी धंदेवाईक दलालाच्या हवाली केले आणि "८०,००० च्या खाली देऊ नको" असे बजावले, तरी दलालाने नेहमीच्या व्यवहारात ७०,००० ला विकल्यास तुमची खरेदी टिकते. ती अट तुम्हाला ठाऊक नसावी एवढेच. म्हणून तुम्ही स्वतः विकणारे असाल तेव्हा दलाल पारखूनच जनावर सोपवावे.

सद्भाव म्हणजे काय?

या कायद्यापुरता सद्भाव म्हणजे खरोखरचा प्रामाणिकपणा. थोडा निष्काळजीपणा झाला म्हणून तो संपत नाही. परंतु शंका येऊनही मुद्दाम डोळेझाक केली तर तो उरत नाही. ७०,००० ची जोडी कोणी रात्री ३०,००० ला देत असेल, पावती नको म्हणत असेल, कानातील बिल्ला नुकताच कापलेला दिसत असेल, तर "मला काय माहीत" हे कोणी मानणार नाही. चोरीचा माल आहे असे मानण्यास कारण असतानाही तो घेणे हा भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे.

घेताना काय पाहावे?

जनावराच्या कानातील बिल्ल्यावरील १२ आकडी क्रमांक पाहावा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात तो कोणाच्या नावावर नोंदला आहे याची चौकशी करावी. विकणाऱ्याचे ओळखपत्र पाहून नाव व गाव पावतीत लिहून घ्यावे. रंग, शिंगांची ठेवण, दात व अंगावरील खुणा पावतीत नोंदवाव्यात. विकणारा व्यापारी असेल तर त्याने जनावर कोणाकडून घेतले ती पावती मागावी. शक्यतो काही रक्कम बँकेमार्फत द्यावी, म्हणजे पैसे कोणाला गेले हे सिद्ध करता येते.

जोडी गेलीच तर

पोलीस आले तर अडवू नये. पंचनाम्याची प्रत घ्यावी आणि आपली पावती दाखवावी. खटला चालेपर्यंत जनावर कोणाकडे ठेवायचे हे न्यायदंडाधिकारी ठरवितात. तुम्हीही सुपूर्दनाम्यावर ताबा मागू शकता, मात्र मूळ मालकाचा पुरावा भक्कम असेल तर जोडी सहसा त्याच्याकडे जाते.

तुमचे पैसे मात्र बुडाले असे नाही. विकणाऱ्याला विकण्याचा हक्क आहे, ही अट कलम १४ प्रमाणे, वेगळे काही ठरले नसल्यास, प्रत्येक सौद्यात न लिहिताही धरली जाते. ती मोडल्यामुळे ज्याने तुम्हाला जोडी विकली त्याच्याकडून पूर्ण किंमत व नुकसानभरपाई मागता येते, मग तो स्वतः निर्दोष व्यापारी असला तरीही. त्याने पुढे आपल्याला विकणाऱ्याकडे मागावी. तसेच चोराला शिक्षा झाली आणि अटकेच्या वेळी त्याच्याजवळ रक्कम सापडली असेल, तर त्याच्याकडून नकळत माल घेणाऱ्याला दिलेल्या किमतीपर्यंत ती देण्याचा आदेश, माल मालकाला परत करताना, न्यायालय करू शकते. त्यासाठी अर्ज करावा लागतो.

हे सारे विकणारा सापडला तरच उपयोगी पडते. म्हणून जोडीचे दात पाहण्याआधी विकणाऱ्याचे नाव, गाव आणि ओळखपत्र पाहावे.